डोळे आधी, मान नंतर : स्वागतकक्षातला रोबोट नजर कशी धरतो

स्वागतकक्षातल्या रोबोटसाठी छोट्या स्क्रीनवर दोन डोळे काढणं आणि सर्वोवर मान बसवणं फारसं अवघड नाही. तरी पहिल्यांदा चालू केला की तो बहुतेक वेळा समोरच्या माणसाकडे न बघता मान डावी-उजवी हलवत राहतो. असं का होतं?

कॅमेरा डोक्यातच आहे असं धरू. चित्राची रुंदी ६४० पिक्सेल, दृष्टिकोन ६० अंश. पाहुण्याचा चेहरा मध्यापासून १६० पिक्सेल उजवीकडे दिसला, म्हणजे साधारण १६ अंश. मग मान १६ अंश वळवायची, झालं! पण चित्र घेणं, चेहरा शोधणं आणि सर्वो हलणं यात समजा २०० मिलिसेकंद जातात. सेकंदाला २० फ्रेम असतील तर तोवर चार फ्रेम येतात, आणि चारही जुनंच सांगतात : "अजून १६ अंश." एकूण आज्ञा ६४ अंशांची होते. चेहरा चित्राबाहेर जातो, नाहीतर मान तेवढ्याच जोरात उलटी येते.

म्हणून प्रत्येक चित्रासोबत ते घेतलं त्या क्षणी मान किती अंशावर होती हेही साठवा. साधा सर्वो आपली जागा कळवत नाही, त्यामुळे तेव्हा दिलेली आज्ञाच जागा मानायची. मान हळू वळवली तर ते बऱ्यापैकी चालतं.

```
target = head_at_capture + offset
head += 0.15 * (target - head)
eye = target - head
```

आता जुन्या फ्रेममधूनही `target` १६ अंशच येतो, कारण तो खोलीतला कोन आहे, मानेपासूनचा नाही. मान पहिल्या फ्रेमला २.४ अंश वळते आणि अर्ध्या सेकंदात १३ अंशांच्या आसपास पोचते. उरलेला कोन `eye` मध्ये जातो. म्हणून बाहुल्या आधी कडेला सरकतात आणि मान वळेल तशा मध्यावर येतात. आपणही कुणाकडे वळताना बहुधा असंच करतो, त्यामुळे रोबोटने "आपल्याला पाहिलं" हे पाहुण्याला मान पूर्ण वळायच्या आत कळतं.

चेहऱ्याची चौकट माणूस स्थिर असतानाही थरथरते. त्यामुळे फरक ३ अंशांपेक्षा कमी असेल तर मान हलवू नका, ते काम डोळ्यांवर सोडा. नाहीतर सर्वो सतत घुरघुरत राहतो.

तपासणी सोपी आहे. रोबोटच्या एका बाजूला स्थिर उभे राहा आणि मान वळत असताना `target` नोंदवा. आलेख सपाट आला तर गणित जुळलं. मानेबरोबर तो फुगून परत खाली आला, तर चित्राची वेळ आणि मानेची वेळ जुळत नाही. अशा वेळी ०.१५ हा गुणक कमी केलात तर डुलणं थांबेलही, पण चूक तशीच राहील आणि बाहुल्या पाहुण्याच्या पलीकडे बघत राहतील. म्हणून आधी आलेख सपाट करा, गुणकाला नंतर हात लावा.