मारिओची वीट आणि साडेचारचा घोळ

‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये मारिओ उडी मारून मुठीने फोडतो, ती वीट जरा जवळून बघा. निन्टेन्डोच्या १९८५ सालच्या या गेममध्ये विटेचा ठोकळा १६ पिक्सेल रुंद आणि १६ पिक्सेल उंच आहे. विटांमधली काळी दर्ज जेमतेम एक पिक्सेल जाडीची. आता हाच गेम एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर लावा आणि चित्र मॉनिटरच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत ताणा. एक दर्ज जाड दिसेल, शेजारची बारीक. मारिओ धावू लागला की त्याच उभ्या दर्जा जाड-बारीक होत राहतात आणि अख्खी भिंत पाण्यात पडल्यासारखी हलते. डोळ्यांना नक्की काय खटकतंय ते पटकन कळत नाही, पण खटकतं खरं.

दोष गेमचा नाही, भागाकाराचा आहे. त्या कन्सोलचं चित्र २५६ पिक्सेल रुंद आणि २४० ओळी उंच असतं. साध्या फुल एचडी मॉनिटरवर १०८० ओळी असतात. १०८० भागिले २४० म्हणजे साडेचार. मॉनिटरला अर्धी ओळ पेटवता येत नाही. त्यामुळे जुन्या चित्राची एक ओळ चार ओळींत बसते, पुढची पाच ओळींत. रुंदीचा हिशेब तर आणखी वाकडा, साडेपाचच्या थोडा वर. यावर बरेच एम्युलेटर कडा पुसट करून वेळ मारून नेतात. मग दर्जा सारख्या दिसतात, पण चित्र ओलं फडकं फिरवल्यासारखं होतं.

धारदार चित्र हवं असेल तर साडेचारचा हट्ट सोडायचा आणि सरळ चारपट घ्यायची. प्रत्येक जुना पिक्सेल म्हणजे चार बाय चारचा चौकोन, ना कमी ना जास्त. चित्राची उंची ९६० होते आणि वर-खाली ६०-६० ओळींची काळी पट्टी उरते. या पद्धतीला इंटिजर स्केलिंग म्हणतात. रेट्रोआर्क या लोकप्रिय एम्युलेटरमध्ये त्यासाठी `Integer Scale` चालू आणि `Bilinear Filtering` बंद करायचं. मेनूत शोधायचा कंटाळा असेल तर `retroarch.cfg` या फाइलमध्ये दोन ओळी पुरतात:

```
video_scale_integer = "true"
video_smooth = "false"
```

इथे एक पेच आहे. टीव्हीवर त्या कन्सोलचे पिक्सेल चौरस नसायचे. उंचीपेक्षा साधारण सातव्या हिश्शाने रुंद असायचे. चार बाय चारच्या चौकोनात मारिओ त्यामुळे रोडावतो. नुसत्या उंचीला पूर्ण पट लावून रुंदी टीव्हीच्या प्रमाणात ताणली, तर उभ्या दर्जांचा घोळ परत येतो. यातून एक सुरेख पळवाट आहे: रुंदी पाचपट आणि उंची चारपट. २५६ पंचे १२८०, २४० चोक ९६०. १२८० बाय ९६० म्हणजे बरोबर ४:३, जुन्या टीव्हीचं प्रमाण. मारिओ आता किंचित गुबगुबीत दिसतो, पण प्रत्येक पिक्सेल एकसारखा. रोड मारिओपेक्षा मला हा गुबगुबीत बरा वाटतो.

एवढं करूनही टीव्हीवर लहर दिसत असेल तर संशय टीव्हीवर घ्या. बरेच टीव्ही आलेलं चित्र थोडं मोठं करून कडा कापतात आणि आपला सगळा हिशेब पाण्यात जातो. चित्राच्या आकाराच्या सेटिंगमध्ये `Just Scan` किंवा `Screen Fit` असा पर्याय असतो, तो निवडला की ही कापाकापी थांबते. आपल्याकडच्या बऱ्याचशा ३२ इंची ‘एचडी रेडी’ टीव्हींचं दुखणं वेगळं. त्यांच्या पडद्यावर ओळी ७६८ असतात. त्यांना ७२० ओळींचं चित्र दिलं, तर ते सहसा ताणून ७६८ करतात, आणि सेटिंगमध्ये त्यावर उपाय असेलच असं नाही. ७६८ ओळींचा लॅपटॉप मात्र ऐकतो: तिप्पट चित्र, वर-खाली २४ ओळी काळ्या, काम झालं.

आता दुसरा पक्ष. तो म्हणतो, असे कोरीव चौकोन त्या काळी कुणी पाहिलेच नव्हते. हे खरं आहे. जुन्या काचेच्या टीव्हीत, म्हणजे सीआरटीत, चित्र दोन हप्त्यांत रंगायचं: आधी एकाआड एक ओळी, मग मधल्या उरलेल्या. अमेरिकेत आणि जपानमध्ये ५२५ ओळींचं चित्र साडेबासष्ट अधिक दोनशे, म्हणजे २६२.५ ओळींच्या दोन हप्त्यांत विभागलेलं असे. त्या अर्ध्या ओळीमुळेच दुसरा हप्ता पहिल्याच्या मधल्या फटींत बसायचा. कन्सोलने ती अर्धी ओळ गाळून २६२ ओळी पाठवल्या, की प्रत्येक हप्ता आधीच्याच जागी रंगायचा आणि मधल्या फटी काळ्या राहायच्या. या फटींना स्कॅनलाइन म्हणायची रीत पडली आहे.

एम्युलेटरमधला सगळ्यात साधा स्कॅनलाइन फिल्टर चारपैकी एक ओळ काळी करतो. चित्राचा पाव उजेड गेला, आणि बदल्यात मिळालं काय? खिडकीच्या गजांतून बघितल्यासारखं चित्र. खऱ्या काचेवर असं होत नसे. इलेक्ट्रॉनचा झोत उजळ जागी फुगतो, म्हणून पांढऱ्या ढगात फट जवळजवळ बुजते आणि गडद भागात रुंद राहते. `crt-geom` किंवा `crt-royale` यांसारखे शेडर हा फुगवटा मोजून चित्र काढतात, म्हणून ते पटतात. पण त्यांनाही पूर्ण पट लागतेच. साडेचारपटीवर स्कॅनलाइन लावल्या की निळ्या आकाशात फिकट-गडद आडवे पट्टे उठतात. सपाट रंगाच्या जागी असे पट्टे दिसले, की पट चुकली असं समजावं.

ज्याला निव्वळ रेघा म्हणजे जुना टीव्ही वाटतो, त्याने सेगाच्या मेगा ड्राइव्हवरचा ‘सॉनिक द हेजहॉग’ लावून बघावा. १९९१ सालच्या या गेममधल्या ‘ग्रीन हिल झोन’मध्ये धबधबे आहेत. त्या यंत्राला अर्धपारदर्शक रंग सहज काढता येत नसे, म्हणून चित्रकारांनी पाण्याचे उभे पट्टे एकाआड एक ठेवले. नेहमीच्या कॉम्पोझिट केबलमधून जाताना शेजारचे पिक्सेल एकमेकांत मिसळायचे आणि पलीकडचा डोंगर पाण्यातून दिसतोय असा भास व्हायचा. धारदार एम्युलेटरवर तिथे धबधबा नाही, बांबूची चटई लटकते. आडव्या रेघांचा फिल्टर लावूनही ती चटईच राहते, कारण ते पट्टे काचेवर नव्हे, केबलमध्ये मिसळत होते.

त्यासाठी केबलची नक्कल करणारा फिल्टर लागतो. रेट्रोआर्कमध्ये हे कन्सोल चालवणाऱ्या ‘जेनेसिस प्लस जीएक्स’च्या पर्यायांत `Blargg NTSC Filter` आहे, तो `composite` वर ठेवला की पट्टे विरघळून पाणी वाहू लागतं. अर्थात युरोपात ज्यांनी आरजीबी केबल लावली होती, त्यांना तेव्हाही पट्टेच दिसत. म्हणजे ‘अस्सल’ चित्र एकच होतं असंही नाही. आपल्याकडे नव्वदच्या दशकात स्वस्त नकली कन्सोल अँटेनाच्या भोकात वायर खुपसून चालायचे. त्या मुंग्या-मुंग्यांच्या चित्राची नक्कल करायची हौस कुणाला असेल, तर असो.

माझ्यापुरतं मी गेमगणिक ठरवतो. मारिओच्या विटा कोऱ्या करकरीत, सॉनिकचं पाणी केबलमधून. यंत्राची कुवतही बघावी लागते. ४के पडद्यावर जुन्या एका ओळीला बरोबर नऊ ओळी मिळतात, त्यात झोताचा फुगवटा नीट रेखता येतो. फुल एचडीवर चारच मिळतात, तिथे तो जेमतेम जमतो. ७६८ च्या लॅपटॉपवर तीन ओळींत धड उजेड मावत नाही, धड फट. तिथे स्कॅनलाइनच्या नादी न लागता चौकोनच ठेवावेत.