सूत्राशिवाय व्यस्त फलनाचा विकलज

कलनशास्त्राच्या परीक्षेत हमखास येणारा एक प्रश्न असा असतो: f या फलनाचं सूत्र दिलेलं नाही, फक्त कोष्टक आहे. f सतत वाढत जातं एवढं सांगितलं आहे. g हे त्याचं व्यस्त फलन. तर g′(२) किती?

| x | f(x) | f′(x) |
|---|---|---|
| ० | ० | १ |
| १ | २ | ४ |
| २ | १० | १३ |

घाईत बहुतेकांची नजर x = २ च्या ओळीवर जाते आणि उत्तर लिहिलं जातं १/१३. हे चूक आहे. g मध्ये आपण जो २ घालतो, तो f मधून बाहेर पडलेला २ आहे. म्हणून तो पहिल्या नव्हे, दुसऱ्या स्तंभात शोधायचा. तिथे तो x = १ समोर सापडतो, म्हणजे g(२) = १. त्याच ओळीतला विकलज ४ आहे. त्याचा व्यस्त घेतला की g′(२) = १/४.

व्यस्त का घ्यायचा? x = १ च्या आसपास x किंचित सरकला, तर f त्याच्या सुमारे चौपट सरकतं. g हीच वाट उलटी चालतं, म्हणून त्यात जेवढा बदल घालाल त्याचा सुमारे चौथा हिस्सा बाहेर येतो. मात्र चौपटीचा हा हिशेब x = १ पाशीच खरा आहे. x = २ पाशी तो तेरापट होतो. ओळ चुकली की उत्तर चुकतं ते यामुळे.

हे पडताळूनही पाहता येतं. मी हे कोष्टक x³ + x वरून तयार केलं आहे. या सूत्रात x = १.१ घातल्यास २.४३१ मिळतात. म्हणजे g मध्ये ०.४३१ ची वाढ केली की बाहेर ०.१ ची वाढ होते. गुणोत्तर सुमारे ०.२३. दुसऱ्या बाजूला ०.९ घेतल्यास ते सुमारे ०.२७ येतं. ०.२५ या दोहोंच्या मध्ये बसतं, १/१३ मात्र जवळपासही नाही. x³ + x चं व्यस्त सूत्ररूपात मांडायचं तर घनमुळांची किचकट राशी लिहावी लागते. कोष्टकाने ते सगळं टळतं, हे मला या रीतीचं खरं सौंदर्य वाटतं.

पण कोष्टकाला मर्यादा आहेत. g′(५) विचारलं तर दुसऱ्या स्तंभात ५ नाही, त्यामुळे नेमकं उत्तर मिळणार नाही. f′ चा स्तंभच नसेल तर शेजारच्या किमतींवरून अंदाज बांधावा लागतो. इथे (१० − ०) ÷ २ = ५ येतात, म्हणजे g′(२) चा अंदाज १/५. खऱ्या १/४ पासून तो बराच दूर आहे. आणि सापडलेल्या ओळीत f′ शून्य असेल, तर भागाकारच अडतो. x³ चं शून्यापाशी हेच होतं: त्याच्या व्यस्ताची, म्हणजे घनमुळाची, स्पर्शिका तिथे सरळ उभी राहते आणि विकलज अस्तित्वातच नसतो.