तेवीस तासांचा दिवस

न्यूयॉर्कमध्ये ९ मार्च २०२५ला पहाटे दोन वाजताच घड्याळं तीनवर गेली. तो दिवस तेवीस तासांचाच भरला. आता ८ मार्चच्या सकाळी नऊमध्ये चोवीस तास मिळवा: दुसऱ्या दिवशीचे दहा वाजतात. ‘एक दिवस’ मिळवला, तर नऊच. रोजच्या गजराला दिवस हवा; चोवीस तासांच्या अंतराने घ्यायच्या औषधाला तास.

खरी पंचाईत ८ मार्चच्या पहाटे अडीचची. त्यात दिवस मिळवला, तर जी वेळ येते ती तिथे उगवलीच नाही! बऱ्याच प्रणाली मुकाट्याने साडेतीन धरतात. भारतात घड्याळ सरकत नाही, म्हणून पुण्यात तपासलेला प्रोग्राम बिनचूक वाटतो. त्याला न्यूयॉर्कची ही तारीख मुद्दाम देऊन पाहावी.