पंचांच्या यादीतून हजेरीपट

कारखान्याच्या फाटकाजवळ भिंतीवर बसवलेले हजेरीचे यंत्र मोजकेच काम करते. कामगाराने बोट टेकवले किंवा कार्ड दाखवले, की त्याचा क्रमांक आणि त्या क्षणाची तारीख व वेळ ते लिहून ठेवते. अशा एका नोंदीला 'पंच' म्हणतात. पगार मात्र क्षणांवर ठरत नाही, तासांवर ठरतो. म्हणून महिनाअखेरीस या लांबलचक यादीचा हजेरीपट करावा लागतो. त्यात प्रत्येक माणसाची प्रत्येक दिवसाची एकच ओळ असते आणि त्या ओळीत कामाचे तास असतात. वरवर पाहता ही साधी वजाबाकी आहे. ती कुठे फसते, हे आपण एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू.

समजा, कारखान्यात सकाळी ७, दुपारी ३ आणि रात्री ११ अशा तीन पाळ्या सुरू होतात. १२ क्रमांकाचा कामगार सकाळपाळीला आहे आणि १७ क्रमांकाचा रात्रपाळीला. यंत्रातून आलेली यादी अशी आहे :

```
12  2025-03-10 06:54
12  2025-03-10 06:55
12  2025-03-10 11:32
12  2025-03-10 12:01
12  2025-03-10 15:08
17  2025-03-10 22:52
17  2025-03-11 07:05
17  2025-03-11 22:57
17  2025-03-12 07:02
17  2025-03-13 00:10
17  2025-03-13 07:04
17  2025-03-13 22:55
17  2025-03-14 22:58
17  2025-03-15 07:01
```

यादीत 'आत' की 'बाहेर' हे लिहिलेले नाही. काही यंत्रांवर त्यासाठी वेगळी बटणे असतात. पण घाईत ती दाबायची राहतात, म्हणून त्यांच्यावर विसंबता येत नाही.

सर्वांत आधी सुचणारी रीत अशी : प्रत्येक तारखेचा पहिला पंच म्हणजे येणे, शेवटचा म्हणजे जाणे. ही रीत १७ क्रमांकाला लावून पाहा. १० तारखेला एकच पंच आहे, म्हणजे काम शून्य. ११ तारखेला ७:०५ ते २२:५७, म्हणजे १५ तास ५२ मिनिटे. खरे तर हा काळ कामगाराच्या विश्रांतीचा आहे! कामाचा काळ मधोमध कापला गेला आणि झोपेचा काळ कामात धरला गेला. गणितात चूक नाही. चूक 'दिवस' या शब्दात आहे. पंचांगाचा दिवस मध्यरात्री बदलतो, रात्रपाळीचा तेव्हा बदलत नाही. हे कायद्यालाही माहीत होते. मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीत मध्यरात्रीनंतर केलेले तास आदल्या दिवसात धरावेत, असे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ५७ व्या कलमात म्हटले होते.

म्हणून तारीख बाजूला ठेवून आधी जोड्या लावायच्या. यादी प्रथम क्रमांकानुसार आणि मग तारीख-वेळ एकत्र धरून लावून घ्यायची. पहिला पंच येण्याचा, दुसरा जाण्याचा, तिसरा पुन्हा येण्याचा, असे चालायचे. १७ क्रमांकाच्या पहिल्या दोन रात्री आता ८ तास १३ मिनिटे आणि ८ तास ५ मिनिटे अशा बरोबर येतात.

आता १२ क्रमांक पाहा. बोट नीट उमटले की नाही या शंकेने कामगाराने एका मिनिटाने ते पुन्हा टेकवले. जोड्या लावल्या तर ६:५४-६:५५ ही पहिली, ११:३२-१२:०१ ही दुसरी, आणि १५:०८ एकटा उरतो. दिवसाचे काम अवघे ३० मिनिटे, आणि त्यांतलीही २९ जेवणाच्या सुट्टीची! एका जादा पंचाने पुढच्या साऱ्या जोड्या सरकल्या. म्हणून जोड्या लावण्यापूर्वीच, आधीच्या पंचानंतर दोन मिनिटांच्या आत आलेला पंच गाळायचा. नंतर गाळून उपयोग नाही. तो गाळला, की ४ तास ३८ मिनिटे आणि ३ तास ७ मिनिटे, मिळून ७ तास ४५ मिनिटे येतात.

विसरलेल्या पंचाचा परिणाम तसाच होतो. १३ तारखेला रात्री आलेला १७ क्रमांकाचा कामगार १४ ला सकाळी जाताना पंच करायला विसरला. त्यामुळे २२:५५ ची जोडी दुसऱ्या रात्रीच्या २२:५८ शी लागते आणि २४ तास ३ मिनिटांचे काम दिसते. पुढच्या दिवसांत येणे म्हणजे जाणे होऊन बसते. यावर उपाय म्हणजे मर्यादा घालणे. पाळी ८ तासांची, त्यावर ४ तास ओव्हरटाइम, थोडी मागेपुढे वेळ, असे धरून आपण १३ तास ही मर्यादा घेऊ. पुढचा पंच त्याहून दूर असेल तर जोडी लावायची नाही. पहिला पंच एकटा सोडायचा आणि पुढच्या पंचापासून नव्याने सुरुवात करायची. चूक मग एका रात्रीपुरतीच राहते.

या उपायालाही सीमा आहे. ८ तासांच्या दोन पाळ्यांमध्ये १६ तासांची विश्रांती असते. कोणी सलग दोन पाळ्या केल्या, तर तेही १६ तासांचे काम होते. नुसत्या वेळांवरून या दोहोंतला फरक ओळखता येत नाही. तिथे पाळ्यांचा तक्ताच पाहावा लागतो.

जोड्या लागल्या, की प्रत्येक जोडी कोणत्या दिवसाची ते ठरवायचे. येण्याची तारीख घ्यावी, तर १७ क्रमांकाचा कामगार १२ तारखेच्या रात्रपाळीला उशिरा, १३ तारीख लागल्यावर ००:१० ला आला आहे. त्याच १३ तारखेला रात्री तो पुन्हा येतो. एका दिवसात दोन पाळ्या पडतात आणि १२ तारीख रिकामी राहते. यासाठी दिवसाची सीमा अशा वेळी ठेवायची, जेव्हा सहसा कोणी कामावर येत नाही. इथे पहाटेचे ४ चालतील. येण्याच्या वेळेतून ४ तास वजा करून उरेल ती तारीख घ्यायची. येण्याची तारीख-वेळ B2 या घरात असेल, तर स्प्रेडशीटमध्ये हे सूत्र पुरते :

```
=INT(B2-4/24)
```

ही वजाबाकी दिवसाचे नाव ठरवण्यापुरतीच आहे. तास मूळ वेळांवरूनच काढायचे. शेवटी एका माणसाच्या एका दिवसातील सगळ्या जोड्यांची मिनिटे मिळवली, की हजेरीपट तयार होतो :

```
12  2025-03-10  7:45
17  2025-03-10  8:13
17  2025-03-11  8:05
17  2025-03-12  6:54
17  2025-03-13  ?
17  2025-03-14  8:03
```

१३ तारखेपुढे शून्य लिहिलेले नाही, हे लक्षात घ्यावे. शून्याचा अर्थ 'काम केले नाही' असा होतो. आपल्याला माहीत आहे ते एवढेच, की कामगार आला होता. शून्य लिहिले तर त्याची एका रात्रीची मजुरी जाईल आणि कोणी विचारणारही नाही. प्रश्नचिन्ह असेल, तर पर्यवेक्षकाला विचारून ते भरता येईल. तसेच ७:४५ म्हणजे ७.४५ तास नव्हेत, ७.७५ तास होत. म्हणून बेरीज मिनिटांतच करावी आणि मगच ६० ने भागावे.

हिशेब जुळला का, हे पाहण्याची एक सोपी कसोटी आहे. जोड्यांची दुप्पट, एकटे पंच आणि गाळलेले पंच यांची बेरीज मूळ यादीएवढी यायला हवी. आपल्या उदाहरणात जोड्या ६, एकटा पंच १, गाळलेला १; १२ + १ + १ = १४. मात्र या कसोटीने एवढेच कळते, की एकही पंच हरवला नाही. जोड्या योग्य लागल्या की नाही, ते पाहायला फार कमी किंवा फार जास्त तासांच्या ओळी डोळ्यांखालून घालाव्याच लागतात. १२ क्रमांकाची ३० मिनिटांची ओळ तिथेच सापडली असती.

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना ही यादी द्यावी आणि मर्यादा १३ ऐवजी १७ तास धरून सोडवायला सांगावी. इथे उत्तर बदलत नाही. मग १० तारखेचा २२:५२ चा पंच खोडून पुन्हा सोडवायला सांगावे. कोणत्या मर्यादेने कोणती ओळ बिघडते, हे त्यांना स्वतःच दिसेल.