टेस्टर, ग्रे मार्केट, ड्युटी फ्री : परफ्यूम घ्यावं कुठून?

जर्मनीतल्या एका व्यापाऱ्याकडे डेव्हिडॉफसारखी परफ्यूम्स बनवणाऱ्या कोटी या कंपनीच्या टेस्टरच्या बाटल्या विकायला होत्या. कंपनीने त्या मागवून बघितल्या. खोक्यावर ‘डेमॉन्स्ट्रेशन’ आणि ‘विक्रीसाठी नाही’ असं छापलेलं होतं. बाटलीवरच्या उत्पादन क्रमांकावरून माग काढला, तर हा माल मुळात सिंगापूरच्या अधिकृत वितरकाला दिलेला होता. म्हणजे सिंगापूरच्या दुकानात गिऱ्हाइकाला वास दाखवायला दिलेली बाटली युरोपात विक्रीला आली होती. प्रकरण युरोपीय संघाच्या न्यायालयात गेलं आणि जून 2010 मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. टेस्टर दुकानदाराला वापरायला दिलेला असतो, त्याची मालकी कंपनीकडेच राहते आणि कंपनी तो कधीही परत मागू शकते. तेव्हा तो ‘कंपनीने बाजारात आणलेला माल’ धरता येत नाही, असं न्यायालयाने सांगितलं.

या खटल्यात बाटलीतलं परफ्यूम बनावट असल्याचा आरोप नव्हता. माल कंपनीचाच होता, वाद तो कुठल्या वाटेने आला याचा होता. टेस्टर घ्यावा का, ग्रे मार्केटचा माल खरा असतो का, ड्युटी फ्रीमध्ये खरंच स्वस्त पडतं का, हे तिन्ही प्रश्न सोडवायला इथूनच सुरुवात करावी लागते. ‘खरं की खोटं’ आणि ‘अधिकृत की अनधिकृत’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुकानदार मात्र बोलता बोलता ते सर्रास एकत्र करतो.

टेस्टरमधलं परफ्यूम विक्रीच्या बाटलीतल्यासारखंच असतं. ‘टेस्टरमध्ये जास्त कडक माल भरतात’ ही समजूत निराधार आहे. वास आवडून गिऱ्हाइकाने घरी नेलेली बाटली वेगळी निघाली, तर नुकसान कंपनीचंच होईल. फरक वेष्टनात असतो. खोकं साधं, पांढरं किंवा तपकिरी पुठ्ठ्याचं, वर सेलोफेन नाही, कित्येकदा बाटलीला टोपणही नाही. तेव्हा खरा टेस्टर वाजवी भावात मिळाला आणि तो स्वतःच वापरायचा असेल, तर सौदा चांगला आहे. भेट द्यायला मात्र तो शोभत नाही.

पण नेमकं हे साधं खोकंच बनावट माल करणाऱ्याच्या पथ्यावर पडतं. विक्रीच्या डब्याची हुबेहूब नक्कल करायची तर जाड कार्ड, उठावाची छपाई, रंगाची नेमकी छटा, घट्ट बसवलेलं सेलोफेन हे सगळं जमावं लागतं आणि तिथेच तो पकडला जातो. टेस्टरला यातलं काहीच लागत नाही. टोपण नाही, डबा साधा, छपाई एकरंगी, आणि यातली प्रत्येक उणीव ‘अहो, टेस्टर आहे’ म्हणून खपून जाते. त्यामुळे आपल्याकडे ‘टेस्टर’ म्हणून मिळणाऱ्या मालात फर्स्ट कॉपी मिसळलेली असण्याची भीती सर्वांत जास्त.

एक उदाहरण घेऊ. आकडे कल्पित आहेत, पण हिशेब बाजारातला आहे. 100 मिलीच्या एका परफ्यूमची छापील किंमत 9,000 रुपये आहे. विमानतळावर ते 7,400 ला आहे, ग्रे मार्केटच्या दुकानात डबाबंद 6,300 ला, टेस्टर 5,300 ला. आणि इन्स्टाग्रामवर एकजण तोच ‘ओरिजिनल टेस्टर’ 1,800 ला देतोय, वर ‘कस्टमने पकडलेला माल आहे, म्हणून स्वस्त’ असंही सांगतोय. पहिल्या तीन सवलती समजण्यासारख्या आहेत. कुठे कर वाचला, कुठे वितरकाने जादा साठा कमी भावात काढला, कुठे डबा-टोपण नाही. 1,800 ला मात्र काहीच कारण उरत नाही. इतक्या कमी भावात घाऊक व्यापाऱ्यालाही माल मिळत नसेल, तर पुढे विकणारा आपला नफा कुठून काढणार? कस्टमच्या लिलावातही बोली लावणाऱ्याला बाजारभाव ठाऊक असतो. असा मेसेज आला की पुढे तपासण्यात वेळ घालवू नये.

5,300 चा टेस्टर समोर असेल, तर तो हातात घेऊन बघावा. बाटलीच्या तळाशी बारीक बॅच नंबर असतो, काचेवर कोरलेला किंवा शाईने छापलेला. तोच खोक्यावरही हवा. दोन्ही जुळले नाहीत तर विषय तिथेच संपला. जुळले म्हणजे माल खरा, असं मात्र नाही, कारण नक्कल करणारा एकच खरा नंबर उचलून हजारो बाटल्यांवर छापू शकतो. मग स्प्रेच्या मानेकडची धातूची पट्टी बघावी. ती काचेवर घट्ट दाबून बसवलेली असते. तिच्यावर ओरखडे असतील, ती हाताने फिरत असेल, तर बाटली उघडून पुन्हा भरलेली असू शकते. चांगल्या बाटलीतली नळी परफ्यूममध्ये जवळजवळ दिसेनाशी होते. जाड, पांढुरकी, तळाशी दुमडलेली नळी असली तर सावध व्हावं. फवारा धुक्यासारखा बारीक उडायला हवा, थेंब उडता कामा नयेत.

खरी परीक्षा मात्र मनगटावर होते आणि तिला वेळ द्यावा लागतो. नक्कल करणाऱ्याला पहिल्या दहा मिनिटांचा वास बऱ्यापैकी साधतो, कारण लिंबूवर्गीय आणि ताजे सुरुवातीचे वास स्वस्तात जमतात. दोन-तीन तासांनी त्वचेवर जे उरतं ते त्याला जमत नाही. म्हणून आधी मोठ्या अधिकृत दुकानात एका मनगटावर तेच परफ्यूम मारून घ्यावं, मग दुसऱ्या मनगटावर हा टेस्टर मारावा आणि संध्याकाळी दोन्हीकडे काय उरलंय ते बघावं. दुकानदार ‘आत्ताच घ्या, नंतर मिळणार नाही’ म्हणू लागला, तर निघून यावं.

ग्रे मार्केट म्हणजे काळाबाजार नव्हे. कंपनीने एका देशासाठी विकलेला खरा माल तिच्या ठरलेल्या वितरकाला डावलून दुसरीकडे विकला जातो, इतकाच त्याचा अर्थ. एखाद्या देशातल्या वितरकाकडे माल तुंबतो, तो घाऊक व्यापाऱ्याला देतो आणि हातोहात ती बाटली क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासही पोहोचते. आपल्याकडे या व्यापाराला सरसकट बंदी नाही. 2012 मध्ये सॅमसंगच्या प्रिंटरच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने म्हटलं, की कंपनीने जगात कुठेही विकलेला खरा माल इथे आणून विकता येतो. फक्त विक्रेत्याने हा माल कंपनीच्या वाटेने आलेला नाही आणि तिची हमी नाही, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायला हवं. परफ्यूमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असते. ते सौंदर्यप्रसाधनांत मोडत असल्यामुळे कायदेशीर आयातीसाठी नोंदणी लागते, आणि डब्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत लिहिलेली असावी लागते. हे स्टिकर नसलेली बाटली खरी असू शकते. पण ती कुणाच्या तरी बॅगेतून आलेली असणार, आणि तक्रार घेऊन जायला आपल्यासमोर कुणी नसणार.

कधी बाटलीवरचा बॅच नंबर खरवडलेला दिसतो. पुष्कळजण तो खोटेपणाचा पुरावा मानतात. प्रत्यक्षात माल कुणी फोडला हे कंपनीला कळू नये म्हणून व्यापारीच तो खोडतात. सिंगापूरचा माग असाच तर लागला होता. तरी मी अशी बाटली घेऊ नये असंच म्हणेन, कारण नंबरासोबत तिचं वयही पुसलं जातं.

आणि ग्रे मालात वय महत्त्वाचं असतं. बंद परफ्यूम थंड, अंधाऱ्या जागी वर्षानुवर्षं टिकतं, पण पत्र्याच्या गोदामात एप्रिल-मे काढलेली बाटली सुरुवातीचा ताजेपणा हरवून बसते. फवारताच आधी आंबूस, व्हिनेगरसारखा वास आला तर ती तापलेली समजावी. नुसता रंग गडद झाल्याने घाबरू नये, व्हॅनिला असलेली परफ्यूम्स काळाबरोबर तपकिरी होतातच. डब्यावरच्या घटकांची यादीही वाचावी. लिलीच्या फुलासारखा वास देणारा ‘ब्यूटाइलफिनाइल मिथाइलप्रोपिओनल’ हा घटक युरोपीय संघाने 1 मार्च 2022 पासून बंद केला. तो यादीत असेल तर माल बहुधा त्याआधीचा आहे. बॅच नंबर गेल्या वर्षीचा, देश फ्रान्स आणि यादीत हे नाव, असं असेल तर काहीतरी खोटं आहे.

ड्युटी फ्रीच्या खरेपणाबद्दल शंका घ्यायचं सहसा कारण नाही. विमानतळावरची ही दुकानं कंपन्यांकडून किंवा त्यांच्या वितरकांकडून थेट माल घेतात. प्रश्न किमतीचा आहे. परफ्यूमवरचं आयातशुल्क 2018 च्या अर्थसंकल्पात 10 वरून 20 टक्के झालं. त्या शुल्कावर 10 टक्के अधिभार आणि शिवाय 18 टक्के जीएसटी. हे ऐकून वाटतं की ड्युटी फ्रीमध्ये जवळजवळ निम्मी किंमत असायला हवी. पण शुल्क लागतं ते आयातीच्या किमतीवर, छापील किमतीवर नव्हे. आपली 9,000 ची बाटली समजा 2,500 ला आयात झाली. शुल्क 500, अधिभार 50. विक्रीच्या किमतीतला जीएसटी 1,373. म्हणजे 9,000 मध्ये कर साधारण 1,920 रुपये, 21 टक्क्यांच्या आसपास. बाकीचा मोठा हिस्सा कंपनी, वितरक आणि दुकान यांचा, आणि विमानतळावरच्या दुकानालाही भाडं भरायचं असतं. म्हणून दिवाळीत शहरातल्या दुकानाने 25 टक्के सूट दिली, की तीच बाटली ड्युटी फ्रीपेक्षा स्वस्त पडू शकते. निघण्यापूर्वी इथला भाव फोनवर टिपून ठेवावा आणि तुलना मिलीला किती पडतं यावर करावी, कारण विमानतळावर कित्येकदा वेगळ्याच आकाराच्या बाटल्या किंवा जोड्या असतात. मध्ये विमान बदलायचं असेल तर दुकानाने सील केलेली पिशवी फोडू नये आणि पावती आत असू द्यावी. नाहीतर 100 मिलीपेक्षा मोठी बाटली पुढच्या सुरक्षा तपासणीत काढून घेतली जाते.

तेव्हा भेट द्यायची असेल तर अधिकृत दुकान किंवा ड्युटी फ्री, दोघांपैकी त्या दिवशी जे स्वस्त असेल ते. रोजच्या वापरासाठी, आधी वास नीट ओळखीचा असेल, तर जुन्या, बिल देणाऱ्या दुकानातून डबाबंद ग्रे माल. टेस्टर मात्र वास चांगला ओळखणाऱ्यानेच आणि हातात घेऊन तपासूनच घ्यावा, ऑनलाइन कधीही नाही. पक्कं बिल घ्याच, त्याशिवाय ग्राहक आयोगापुढे तुमची बाजू उभी राहणार नाही. आणि घरात परफ्यूम संपलं की रिकामी बाटली तशीच भंगारात देऊ नका. अशा खऱ्या बाटल्या विकत घेऊन पुन्हा भरणारे लोक आहेत. लेबल खरवडून, स्प्रे तोडून मगच टाका.