उरलेली मिती चूक दाखवते

बारावीच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सोनोमीटर नावाची एक लांबट लाकडी पेटी असते. पेटीवर एक तार ताणलेली असते. तारेचे एक टोक खुंटीला पक्के बांधलेले, दुसरे कप्पीवरून खाली सोडून त्याला वजने टांगलेली. सतारीला असते तशी घोडी इथेही असते, पण दोन, आणि त्या पुढेमागे सरकवता येतात. दोन घोड्यांमधली तार छेडली की ती एका ठरावीक सुरात वाजते. घोड्या जवळ आणल्या की सूर चढतो, वजने काढली की उतरतो.

या पेटीवरचा एक प्रश्न परीक्षांमध्ये फिरून फिरून येतो. तारेची त्रिज्या r, घोड्यांमधली लांबी L, ताण F आणि तारेच्या धातूची घनता ρ आहे, तर मूलभूत वारंवारता f किती? खाली चार पर्याय:

(अ) f = (1/2Lr)√(F/πρ)
(ब) f = (1/2Lr²)√(F/πρ)
(क) f = (r/2L)√(πρ/F)
(ड) f = (1/2Lr)√(2F/πρ)

चारही पर्याय एकमेकांची भावंडे दिसतात. पेपर काढणाऱ्याने ते मुद्दाम तसेच काढलेले असतात, कारण विद्यार्थी कुठे घसरतात हे त्याला ठाऊक असते. मात्र यातले दोन पर्याय गणित न सोडवताही बाद करता येतात. त्यासाठी लागते ती मितींची तपासणी, म्हणजे वर्गातल्या भाषेत ‘डायमेन्शन चेक’.

त्यामागची गोष्ट साधी आहे. यांत्रिकीतली कोणतीही राशी शेवटी वस्तुमान, लांबी आणि काळ या तिघांपासून बनते. त्यांना M, L आणि T म्हणू. वेग म्हणजे लांबी भागिले काळ, LT⁻¹. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, MLT⁻². वारंवारता म्हणजे सेकंदाला किती कंपने; कंपनांची संख्या हा नुसता आकडा, म्हणून तिची मिती T⁻¹. समीकरणाच्या डाव्या बाजूला जी मिती, तीच उजव्या बाजूला यायला हवी. फ्रेंच गणिती फूरिये याने 1822 साली उष्णतेवरच्या ग्रंथात हा नियम नीट मांडला.

हिशेबाला बसण्याआधी एक खबरदारी घ्यायची. बहुतेक पुस्तकांत ताणासाठीही T हेच अक्षर असते. घाईत तपासणी करताना विद्यार्थी ताणाच्या T ला काळाचा T समजतो. मग बरोबर सूत्रही चुकीचे ठरते आणि तो चांगले उत्तर खोडून टाकतो. म्हणूनच इथे ताणाला F म्हटले आहे. ताण हे बल आहे, त्याची मिती MLT⁻².

आता पर्याय (अ) पाहू. घनता म्हणजे वस्तुमान भागिले घनफळ, ML⁻³. F ला ρ ने भागले की M उडते आणि L⁴T⁻² उरते. त्याचे वर्गमूळ L²T⁻¹. खाली L आणि r अशा दोन लांब्या आहेत. त्या L² ला काटतात आणि उरते T⁻¹. वारंवारतेला हवे तेच. 2 आणि π हे नुसते आकडे असल्याने त्यांचा इथे संबंध नाही.

(ब) मध्ये खाली एक r जास्त आहे, म्हणून उरते L⁻¹T⁻¹. बाद. (क) मध्ये वर्गमुळाखाली सगळे उलटे आहे. R आणि L एकमेकांना काटतात आणि उरते L⁻²T. तोही बाद. अर्ध्या मिनिटाचे काम.

इथपर्यंत बहुतेकांना शिकवलेले असते. पण तपासणीचा खरा उपयोग सविस्तर उत्तर लिहिताना होतो. उत्तर चुकले एवढेच ती सांगत नाही. कुठे चुकले आणि कसे चुकले, याचा मागही तिच्यातच मिळतो.

समजा, एका विद्यार्थ्याने असे सोडवले आहे:

(1) f = (1/2L)√(F/μ)
(2) μ = πr²ρ
(3) f = (1/2L)√(F/πr²ρ)
(4) f = (1/2Lr²)√(F/πρ)

μ म्हणजे तारेच्या एक मीटर लांबीचे वस्तुमान, मिती ML⁻¹. शेवटच्या ओळीची मिती जुळत नाही हे कळले. आता सगळे पुन्हा सोडवत बसायचे नाही. मधली एखादी ओळ तपासायची. तिसऱ्या ओळीत F ला r²ρ ने भागून L²T⁻² येते, वर्गमूळ LT⁻¹, त्याला L ने भागून T⁻¹. म्हणजे तिसरी ओळ मितीने ठीक आहे आणि चौथी नाही. चूक या दोन ओळींच्या मधेच झाली: r² वर्गमुळाबाहेर काढताना त्याचा r करायचा राहिला. आठ-दहा ओळींचे उत्तर असेल तर मधोमध तपासायचे, मग बिघडलेल्या अर्ध्या भागाच्या मधोमध. दोन-तीन तपासण्यांत नेमकी ओळ सापडते.

त्याहून कामाची गोष्ट म्हणजे जास्तीची उरलेली मिती. वरच्या चुकीत L चा उणे एक घात जास्त उरला होता, म्हणजे वर्गमुळाबाहेर एक लांबी जादा भागली गेली. आता दुसरा विद्यार्थी घ्या. त्याने μ ऐवजी सगळ्या तारेचे वस्तुमान घातले, πr²Lρ. त्याच्या उत्तराची मिती काढली तर T⁻¹ बरोबर L चा उणे अर्धा घात चिकटलेला दिसतो. अर्धा घात येतो तो वर्गमुळातूनच. म्हणजे वर्गमुळाखाली, छेदात, एक लांबी जादा आहे. तिथे पाहिले की तो नको असलेला L लगेच सापडतो. मितीत M चा अर्धा घात उरला, तर ताण किंवा घनता यांपैकी एक वर्गमुळाखाली यायची राहिली असणार. T⁻¹ च्या जागी T आला, तर वर्गमुळातले अंश-छेद उलटे झाले असण्याची शंका आधी घ्यावी.

तरंगाच्या समीकरणातही हेच चालते. तिथे तपासायची जागा साइनच्या कंसात असते. कोन हा नुसता आकडा असल्याने कंसातल्या प्रत्येक पदाला मिती नसावी. y = a sin (2π/λ)(vt − x) हे बरोबर, कारण vt आणि x दोन्ही लांब्या आहेत आणि λ ने भागल्यावर आकडे होतात. घाईत λ फक्त एकाच पदाखाली जातो आणि उत्तरपत्रिकेत sin 2π(vt − x/λ) असे उतरते. इथे vt ही लांबी आणि x/λ हा नुसता आकडा. त्यांची वजाबाकी म्हणजे पाच मीटर कापडातून तीन डझन केळी वजा करणे. तसेच ω ची मिती T⁻¹ आणि k ची L⁻¹, म्हणून तरंगाचा वेग ω/k हाच असू शकतो, ωk नाही.

हे सगळे अक्षरे अक्षरेच असेपर्यंत जमते. आकडे घातले की मिती लपते. समजा, पोलादी तारेचा व्यास 0.5 मिलिमीटर, घनता 7800 किलोग्रॅम प्रति घनमीटर, ताण 60 न्यूटन आणि लांबी 0.5 मीटर आहे. त्रिज्या 0.25 मिलिमीटर धरून μ सुमारे 0.00153 किलोग्रॅम प्रति मीटर येतो, तरंगाचा वेग सुमारे 198 मीटर प्रति सेकंद आणि वारंवारता 198 हर्ट्झ. दोन्ही आकडे सारखेच, कारण 2L म्हणजे इथे नेमका 1 मीटर. ज्याने 2L ने भागलेच नाही त्याचेही उत्तर 198 येते, आणि त्याची चूक आकड्यात दिसत नाही. अक्षरांत लिहिले असते तर वारंवारतेच्या जागी वेगाची मिती आलेली त्याला दिसली असती. म्हणून आकडे शेवटच्या ओळीत घालावेत.

या तपासणीला एक मोठी मर्यादा आहे: नुसत्या आकड्याची चूक तिला पकडता येत नाही. पर्याय (ड) आठवा. त्यात वर्गमुळाखाली एक 2 जादा आहे आणि मिती अगदी चोख आहे. (अ) आणि (ड) यांतून निवडायला मूळ सूत्रच आठवावे लागते. त्रिज्येऐवजी व्यास घातला तर μ चौपट होतो आणि वारंवारता निम्मी, 99 हर्ट्झ. व्यासही लांबीच असल्याने मिती तक्रार करत नाही आणि आकडाही पटण्यासारखा वाटतो. तरंगाचा वेग विचारला असताना कणाचा कमाल वेग aω लिहिला, तरी मिती वेगाचीच येते.

ही मर्यादा फक्त विद्यार्थ्यांची नव्हे. न्यूटनने 1687 च्या ‘प्रिन्सिपिया’मध्ये हवेतल्या ध्वनीचा वेग मांडला. आजच्या चिन्हांत तो √(P/ρ) असा लिहितात. P हवेचा दाब, ρ घनता. मिती तपासली तर LT⁻¹, काहीच खोट नाही. पण 0 अंश सेल्सिअसला या सूत्राने वेग सुमारे 280 मीटर प्रति सेकंद येतो आणि प्रत्यक्षात तो सुमारे 332 असतो. न्यूटनने धरले होते की ध्वनी जाताना हवेचे तापमान बदलत नाही. खरे तर हवा इतक्या झटपट दाबली जाते आणि मोकळी होते की उष्णतेला इकडून तिकडे जायला वेळच मिळत नाही. हे ध्यानात घेऊन लाप्लासने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सूत्र सुधारले, √(γP/ρ). हवेसाठी γ सुमारे 1.4, आणि तो निव्वळ आकडा. तो असो वा नसो, मिती तीच राहते. म्हणून न्यूटनच्या सूत्रातली उणीव मोजलेल्या वेगाशी ताडून पाहिल्यावरच दिसली.

मिती जुळल्यावर पेपर संपेपर्यंतचा वेळ कुठे घालवायचा, हेही यातून ठरते. घात, वर्गमूळ, अंश-छेद हे सगळे मितीने तपासून झालेले असते. त्यावर पुन्हा नजर फिरवू नये. 2, π, त्रिज्या की व्यास आणि नेमका कोणता वेग विचारला आहे, एवढेच डोळ्यांनी पाहायचे राहते.