फाटक्या नोटेचे मोल

सोनपेठ तालुक्यातील एखाद्या शेतकऱ्याने कापूस विकून आणलेले पैसे कणगीत ठेवले व उंदरांनी त्यांतील पाचशेची नोट कुरतडली, असे समजू. ती नोट वाया गेली असे मानून टाकून देऊ नये. रिझर्व्ह बँकेच्या २००९ च्या, व २०१८ मध्ये सुधारलेल्या, नियमांप्रमाणे तिचे मोल उरलेल्या सर्वांत मोठ्या अखंड तुकड्यावर ठरते.

पन्नास रुपये व त्यावरील नोटेचा असा तुकडा ८० टक्क्यांहून मोठा असल्यास पूर्ण रक्कम मिळते. ४० ते ८० टक्के असल्यास निम्मी. त्याहून लहान असल्यास काहीच नाही. सध्याची पाचशेची नोट ९९ चौरस सेंटिमीटरची आहे. तिचा ६० चौरस सेंटिमीटरचा तुकडा उरला असेल, तर अडीचशे रुपये हाती येतील. वीस रुपयांपर्यंतच्या नोटेस निम्मे मोल नसते. अर्ध्याहून मोठा तुकडा असेल तरच पूर्ण रक्कम मिळते.

नोट बदलण्यासाठी त्या शाखेत खाते असण्याची अट नाही. मात्र हेतुपुरस्सर कापलेली वा फाडलेली नोट नाकारली जाते. जळून ठिसूळ झालेल्या नोटा शाखेत बदलत नाहीत. त्या रिझर्व्ह बँकेच्याच कार्यालयात न्याव्या लागतात.